भट्टी कुठवर आली?

तिला नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळ्यांसाठी ती चौकशीताई. गिऱ्हाइकाचा फोन आला की खालच्या शोरूममधून हाळी यायची, "चौकशीताई, घ्या!" आणि ताई हातातला चहा बाजूला ठेवून फोन उचलायची. आपल्या नशिबात गरम चहा नाही, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं. घरून एक स्टीलचं झाकण आणून तिने टेबलावर ठेवलं होतं. त्याखाली चहा निदान कोमट राहायचा, आणि कोमट चहाबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

कंपनी बेकऱ्यांसाठी भट्ट्या बनवायची. विजेवर चालणाऱ्या, दोन कप्प्यांच्या, तीन कप्प्यांच्या, गिऱ्हाईक सांगेल त्या मापाच्या. ऑफिस बाजारात, शोरूमच्या डोक्यावर. कारखाना गावाबाहेर, रिक्षावाला आधी भुवया उंचावतो आणि मग भाडं सांगतो एवढा लांब. या दोन टोकांना जोडणारा धागा म्हणजे मोबाइलवरचा एक ग्रुप. कारखान्यातून फोरमनमामांनी कळवायचं, ऑफिसात ताईने वाचायचं, मग गिऱ्हाइकाला सांगायचं. व्यवस्था सुरेख होती. तिच्यात खोट एवढीच, की फोरमनमामा तोंडाने बोलायलाही काटकसर करत, तर बोटाने कुठून बोलणार? एखादा टप्पा पुरा झाला की ते भट्टीचा फोटो टाकत आणि खाली एकच शब्द लिहीत. "वेल्डिंग." किंवा "रंग." पुढे पूर्णविराम. त्या पूर्णविरामाबद्दल ऑफिसात फार चेष्टा चाले.

ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा पत्र्याचा फळा होता. त्यावर उभे रकाने: कापणी, वेल्डिंग, रंग, लोकर, वायरिंग, चाचणी, रवाना. प्रत्येक भट्टीच्या नावाचा एक गोल चुंबक. मामांचा शब्द आला की चुंबक एक घर पुढे. लोकर म्हणजे अंगात घालायची नव्हे. आतली उष्णता बाहेर पळू नये म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये जी भरतात ती.

फळ्याचे धनी मात्र वेगळे होते. विक्री पाहणारे साहेब. त्यांना त्यांच्या माघारी गुरुवारसाहेब म्हणत. भट्टी कधी मिळेल असं कुणीही विचारलं, की ते छातीवर हात ठेवून सांगत, "गुरुवारी." कोणत्या गुरुवारी, हे विचारायचं गिऱ्हाइकाच्या ध्यानात येईपर्यंत ऑर्डरवर सही होऊन जायची. माणूस वाईट नव्हता. उलट फार प्रेमळ होता. कुणाचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे, आणि चेहरा पडू नये म्हणून ते काहीही बोलू शकत.

तेच फळ्याचं. कारखान्यातून दोन दिवस शब्द आला नाही, की गुरुवारसाहेब सकाळी येऊन चुंबक आपल्या हाताने पुढे सरकवत.

"अहो, पण कळवलंय कुठे त्यांनी?" ताईने नवी होती तेव्हा विचारलं होतं.

"ताई, कारखाना बंद आहे का? नाही ना? मग काम चालू आहे. काम चालू आहे म्हणजे पुढेच जात असणार, मागे थोडंच जाईल? आणि मालक जिना चढून आले की त्यांना पहिला फळाच दिसतो. हलता फळा बरा दिसतो."

या तर्काला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते ऐकायला साहेब थांबले नव्हते.

त्या सोमवारी सकाळी ताईने झाकणाखालचा चहा उघडला आणि फोन टिणटिणला. बेकरीवाल्या काकू होत्या. या काकू इतकी वर्षं घरच्या ओट्यावर पाव भाजून विकत होत्या. आता त्यांनी चौकात गाळा घेतला होता आणि तीन कप्प्यांची भट्टी सांगितली होती. भट्टी गुरुवारी येणार होती. कोणी सांगितलं, हे सांगायला नकोच.

काकूंनी लिहिलं होतं:

"पोरी, भट्टी कुठवर आली? गाळ्याच्या दारातून ती आत जाणार नाही म्हणून पुढची भिंत पाडून ठेवली आहे. गवंडी शुक्रवारपर्यंतच माझ्याकडे आहे, मग तो दुसऱ्या कामावर जाणार, महिनाभर सापडायचा नाही. भट्टी गुरुवारी नक्की येत असेल तर शुक्रवारी भिंत बांधून घेते. येत नसेल तर भिंत कशी ठेवू? आज संध्याकाळपर्यंत त्याला सांगायचं आहे."

ताईने निरोप दोनदा वाचला. मग मान वर करून फळ्याकडे पाहिलं. काकूंचा चुंबक 'वायरिंग'मध्ये ऐटीत बसला होता. वायरिंग झालं की चाचणी, चाचणी झाली की रवाना. गुरुवार अगदी हाताशी.

पण ताईला खोड होती. तिने ग्रुप उघडला आणि बोटाने वर वर सरकत गेली. काकूंच्या भट्टीचा शेवटचा फोटो आधीच्या आठवड्यातला, मंगळवारचा. पिवळ्या दिव्याखाली नुकती रंगवलेली भट्टी, मागे कुणाचा तरी डबा, आणि खाली मामांचा शब्द: "रंग." पूर्णविराम. त्यानंतर काही नाही. लोकर नाही, वायरिंग नाही. ती दोन घरं चुंबक साहेबांच्या बोटावर बसून गेला होता.

तिने मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कारखान्यात यंत्रं सुरू असली की मामांचा फोन कपाटात असे आणि कपाटाला कान नसतात. तिने कारखान्याच्या गोदामात फोन लावला. तिथल्या माणसाने उचलला, पण तो म्हणाला, "मामा आत आहेत. भट्टीचं मला नाही ठाऊक, मी सामान बघतो. निरोप देतो." मामांना सांगा, ताई वाट बघतेय, असं तिने दोनदा बजावलं.

"कोण, पाववाल्या काकू का?" गुरुवारसाहेब मागून डोकावले. "टाका की तो आपला मजकूर."

तो मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयार होता. एक बटण दाबलं की उमटायचा: 'आपल्या ऑर्डरचे काम अंतिम टप्प्यात असून ठरलेल्या वेळेत आपणास मिळेल. आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत.' साहेबांनी स्वतः लिहिला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"साहेब, अंतिम टप्पा कशावरून?"

"फळ्यावरून!"

"फळा तुम्ही सरकवला."

"मग? मला काय अनुभव नाही? रंगानंतर आठवडाभरात भट्टी बाहेर पडते. नेहमी पडते."

"नेहमी?"

"बहुतेक," साहेब जरा नमले. मग खुर्ची ओढून बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा ताई. तुम्ही तिला लिहिलंत की आम्हाला माहीत नाही, तर ती काय समजेल? की यांना स्वतःच्या कारखान्यात काय चाललंय ते कळत नाही. बरं दिसतं का? त्या बाईने आयुष्यभराची हौस लावलीय त्या गाळ्याला. उगाच घाबरवू नका. आणि गुरुवारी आलीच भट्टी, तर तुमचं ते माहीत नाही, माहीत नाही कशाला?"

"आणि नाही आली तर?"

"तर बघू."

'बघू' हा शब्द साहेबांनी अनेकांना दिला होता आणि बघायची पाळी दरवेळी ताईवर आली होती. तिला वेगळंच काही आठवत होतं.

ती आठ-नऊ वर्षांची असताना एकदा आईबरोबर बसस्थानकावर वडिलांची वाट बघत होती. वडील परगावी कामाला, महिन्यातून एकदा घरी येत. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला आईने विचारलं, गाडी कधी येईल? तो मान वर न करता म्हणाला, येतेच आहे. थोड्या वेळाने आई पुन्हा गेली. येतेच आहे. पुन्हा. येतेच आहे. गाडी येतेच आहे म्हणून आई जागची हलली नाही. पोरीला तहान लागली तर म्हणाली, थांब गं, येतेच आहे. भूक लागली तर, थांब, येतेच आहे. त्या शब्दाने दोघींना बाकाला खिळे ठोकल्यासारखं बांधून ठेवलं. दुपार टळली. मग खिडकीतला माणूस बदलला. नवा आला तो जाड चष्म्याचा. त्याने आईचं ऐकून घेतलं, फोन फिरवला, बराच वेळ कानाला धरला आणि ठेवून दिला. मग म्हणाला, "बाई, गाडी मागच्या स्थानकावरून निघाल्याची बातमी मला मिळालेली नाही. का नाही, तेही मला कळत नाही. मी अर्ध्या तासाने परत विचारतो. तोवर तुम्ही पोरीला काहीतरी खायला घाला. मी इथेच आहे, जाणार नाही कुठे."

एवढंच. त्याला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. पण आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो तेव्हा. दोघी समोरच्या टपरीवर गेल्या, पाव खाल्ला, पाणी प्यायल्या. अर्ध्या तासाने चष्मेवाला खिडकीतून हात हलवत होता: अजून नाही, पण मी विचारलं! वडील आले ते संध्याकाळी. रस्त्यात पूल खचला होता.

ताईने बटण दाबलं नाही. तिने हाताने लिहायला घेतलं. तिसऱ्यांदा खोडून झाल्यावर निरोप असा झाला:

"काकू, नमस्कार. तुमच्या भट्टीबद्दल कारखान्याकडून आलेली शेवटची खबर गेल्या मंगळवारची आहे: रंग पुरा झाला. त्यानंतर लोकर भरणे, वायरिंग आणि चाचणी ही कामं राहतात. ती झाली की नाहीत, हे मला आत्ता माहीत नाही, कारण त्यानंतर कारखान्याने काही कळवलेलं नाही. त्यामुळे गुरुवारी येईल किंवा येणार नाही, यातलं काहीच मी सांगू शकत नाही. फोरमनना फोन केला आहे, निरोपही ठेवला आहे. आज पाच वाजता मी तुम्हाला कळवीन. काही कळलं असेल तरी, नसेल तरी. तोवर कृपा करून गुरुवार धरून भिंतीचं काही पक्कं करू नका."

पाठवून तिने चहाचा घोट घेतला. गार झाला होता. कोमटसुद्धा नाही, गारच.

फोन लगेच वाजला. काकू स्वतः. मागे कुणीतरी विटा टाकत होतं.

"अगं पोरी, हे काय लिहिलंयस? मी विचारलं भट्टी कुठाय, आणि तू पानभर लिहून सांगतेस की माहीत नाही?"

"हो काकू."

"अगं पण तुमचाच कारखाना ना तो? का शेजाऱ्याचा?"

"आमचाच आहे, काकू. पण अजून कळलं नाही."

"आणि तो तुमचा साहेब? तो तर छाती बडवून सांगत होता गुरुवार, गुरुवार."

ताईने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. साहेब एकाएकी फळ्यावरची धूळ पुसायला लागले होते.

"साहेबांनी ठरलेली तारीख सांगितली, काकू. ती तारीख अजून बदललेली नाही. पण ती पाळली जाईल, असं मला कारखान्याने सांगितलेलं नाही. तुम्ही भिंतीचं विचारलंत म्हणून मी हे वेगळं करून सांगते. नुसतं भट्टी कधी, असं विचारलं असतंत, तरी सांगितलं असतं, पण एवढं लांबलचक नसतं लिहिलं."

पलीकडे काकूंनी कुणाला तरी 'थांब रे जरा' म्हटलं. विटा टाकणं थांबलं.

"बरं," काकू म्हणाल्या. आवाज तोच, पण आता त्यात हिशेब आला होता. "रंगानंतर तीन कामं राहतात म्हणालीस. त्यातलं सगळ्यात लांबणारं कोणतं?"

"चाचणीला एक पूर्ण दिवस लागतोच. रिकामी भट्टी तापवतात, गार होऊ देतात, पुन्हा तापवतात. तिच्याशिवाय भट्टी बाहेर पडत नाही. कुणी घाई केली तरीही. बाकी दोन कामांचं मामाच सांगू शकतील."

"म्हणजे आज लोकर भरून झाली नसेल, तर गुरुवार गेला."

"झाली नसेल तर, हो. पण झाली की नाही ते..."

"ते तुला माहीत नाही. कळलं गं बाई, कळलं!" काकू हसल्या. हसल्या तशा चिडल्यासुद्धा, दोन्ही एकदम. "पाच वाजता सांगशील?"

"पाच वाजता."

"काही नसलं तरी?"

"काही नसलं तरी."

साहेब दिवसभर ताईकडे पाहून मान हलवत होते. दुपारी डबा खाताना म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक गेलं तर मालकांना तुम्ही सांगायचं, हां." ताई म्हणाली, "सांगीन. पाच वाजता त्यांनाही कळवते." साहेबांना हसू आवरलं नाही. त्यांच्या रागाची वीज अशीच, चमकायची आणि पडायची नाही. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाजी तिच्या पोळीवर ठेवली.

तिने दुपारभर मामांना फोन लावला. चार वाजता एकदा उचलला गेला, पण पलीकडे घणाचे आवाज आणि मामांचं "हॅलो! हॅलो! आवाज येत नाही!" आणि ठक्क. ताईने कपाळावर हात मारला.

पाच वाजले. सांगण्यासारखं काही नव्हतं. इथे भल्याभल्यांचा पाय घसरतो. सांगण्यासारखं काही नाही, मग सांगायचं कशाला, असं वाटतं; सकाळचंच परत लिहायला लाज वाटते. ताईलाही वाटली. पण काकू आता गवंड्यासमोर उभ्या असतील, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिने लिहिलं:

"काकू, पाच वाजले. अजून काही कळलेलं नाही. दुपारभर फोन केला, एकदा लागला पण कारखान्यातल्या आवाजात बोलणं झालं नाही. उद्या सकाळी कामाच्या आधी यंत्रं बंद असतात, तेव्हा पुन्हा फोन करते आणि लगेच कळवते. आज गवंड्याला सांगायचं असेल, तर भट्टी कधी येईल ते माहीत नाही, असंच धरून सांगा."

"हा मेसेज आहे?" गुरुवारसाहेब पर्स आवरणाऱ्या ताईच्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "काही नाही हे सांगायला एवढा मजकूर! आमच्या वेळी काही नसलं की आम्ही गप्प बसायचो."

"मामासुद्धा गप्पच बसलेत ना, साहेब. त्यानेच तर ही वेळ आली."

काकूंचा उलट निरोप तिला बसमध्ये मिळाला. छोटासा. "ठीक आहे. मी विचार करते."

'मी विचार करते' याचे अर्थ दहा निघतात आणि त्यातले नऊ वाईट. घरी पोचेपर्यंत ताईने नऊही मोजले होते. आई स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होती. म्हातारीचे डोळे अधू झाले होते, पण कुणाची पावलं जड पडताहेत हे तिला दारातून कळायचं.

"काय गं, आज कुणाची भट्टी विझली?"

ताईने सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली, शेंगा फुटत राहिल्या.

"तो चष्मेवाला आठवतो तुला?" शेवटी आई म्हणाली.

"आज दिवसभर तोच आठवतोय."

"मला तर तुझ्या बापापेक्षा जास्त आठवतो," आई म्हणाली, आणि आपणच खुदकन हसली. "तुझा बाप पाच वाजता आला तर म्हणाला, एवढं काय त्यात, रस्ता बंद होता. त्याला काय सांगू, तोवर मला पाणी पाजणारा तो खिडकीतला होता." मग जरा थांबून, "पण आपण त्याचे आभार मानले नाहीत गं. तू धावलीस बापाकडे, आणि मीही तुझ्यामागे."

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली आणि मामांना फोन लावला. यंत्रं अजून सुरू व्हायची होती. मामा उचलून म्हणाले, "बोला."

"मामा, काकूंची तीन कप्प्यांची भट्टी. लोकर भरून झाली का?"

"नाही."

"का हो?"

"लोकर आली नाही. मागवली ती पातळ निघाली. परत पाठवली. जाड येतेय."

"कधी?"

"उद्या म्हणालाय. मी सांगत नाही. आली की सांगेन."

"मामा, मग तुम्ही ग्रुपवर काहीच कसं टाकलं नाही?"

मामांना खरोखरच नवल वाटलं. "काय टाकू? काम झालंच नाही. झालं की टाकतो ना मी. नाही टाकलं म्हणजे नाही झालं."

ताई फोन धरून तशीच बसली. तिच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. मामांच्या लेखी गप्प म्हणजे झालं नाही. साहेबांच्या लेखी गप्प म्हणजे छान चाललंय. दोघं किती वर्षं एकमेकांशी असे गप्प राहून बोलत होते, आणि दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास होता!

"मामा," ती म्हणाली, "एक मागू का? काम नाही झालं, तर तेवढंच टाकत जा ना. 'आज काही नाही.' बस."

"त्यात काय सांगायचं?"

"मला लागतं हो."

मामांनी हुंकार भरला. हो म्हणाले की नाही, ते यंत्र सुरू झाल्यामुळे कळलं नाही.

आता काकूंना सांगायचं होतं. ताईने श्वास घेतला आणि फोन केला. लोकर आलेली नाही. उद्या येईल असं विकणारा म्हणतो, पण मामा त्यावर शब्द देत नाहीत. ती आल्यावर भरणं, वायरिंग, मग चाचणीचा दिवस. म्हणजे गुरुवार नाही, हे नक्की. नवी तारीख मात्र लोकर हातात आल्यावरच सांगेन. सगळं एका दमात सांगून ती ओरडा खायला तयार झाली.

"बरं," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी बरोबरच केलं."

"काय केलंत?"

"अगं काल तुझा पाचचा निरोप आला, तेव्हा गवंडी इथेच पाय हलवत बसला होता. म्हणाला, बाई, हो की नाही ते सांगा. मी म्हटलं, बाबा, हो पण नाही आणि नाही पण नाही. तिलाच माहीत नाही, ती बिचारी खरं बोलतेय. मग मी म्हटलं, भिंतच नको! दोन्ही बाजूंना विटांचे खांब घे आणि मधे सुताराकडून फळ्यांचं मोठं झडप करून घेते. सळ्या काढल्या की अख्खं उघडेल. भट्टी उद्या येवो, की पुढच्या महिन्यात, माझं काही अडत नाही. उलट पुढे भट्टी दुरुस्तीला बाहेर काढायची झाली, तर पुन्हा भिंत पाडायला नको!" आणि मग आवाज खाली आणून, "तो तुमचा साहेब गुरुवार म्हणाला होता, त्या भरवशावर राहिले असते ना पोरी, तर आज गवंडी हातावर हात ठेवून बसला असता, शुक्रवारी निघून गेला असता, आणि माझा गाळा रस्त्यावर उघडा. रात्री कुत्री झोपायला आली असती माझ्या नव्या फरशीवर."

"काकू, भट्टी उशिरा येतेय त्याबद्दल..."

"उशिरा येतेय ते वाईटच आहे, त्याबद्दल मी तुझ्या साहेबाची खरडपट्टी काढणारच आहे. पण ते वेगळं."

आणि त्यांनी खरोखर काढली. फोन साहेबांना द्या म्हणाल्या. साहेब पाच मिनिटं "हो काकू, हो काकू" करत उभे होते, आणि छातीवर हात ठेवायला त्यांना एकदाही संधी मिळाली नाही.

फोन ठेवल्यावर ते फळ्यापाशी गेले. काकूंचा चुंबक 'वायरिंग'मधून उचलून त्यांनी परत 'रंग'मध्ये ठेवला. मागे घेताना त्यांना जड गेलं, हे दिसत होतं. मग ताईने तिच्या खणातून मार्कर काढला आणि ज्या ज्या भट्टीबद्दल कारखान्याने काही कळवलेलं नव्हतं, त्या चुंबकांवर छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. फळ्यावर एकूण आठ प्रश्नचिन्हं झाली.

"मालक काय म्हणतील?" साहेब घाबरून म्हणाले.

मालक जिना चढून आले, फळ्यासमोर थांबले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "या आठांचं काय झालं, ते आज मला मामांकडून कळवा." आणि आपल्या खोलीत गेले. इतकी वर्षं हलता फळा बघून ते काही न विचारताच आत जात होते.

लोकर उद्या आली नाही. परवा आली. पण त्या मधल्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर मामांचा निरोप आला. फोटो नाही. नुसते तीन शब्द: "आज काही नाही." आणि पूर्णविराम. ताईने तो निरोप जसाच्या तसा काकूंना पाठवला, आणि खाली लिहिलं: "हा फोरमनमामांचा. त्यांनी आपण होऊन कळवलं, हीच आजची मोठी बातमी." काकूंनी उत्तरादाखल हसणारा चेहरा पाठवला, कसा पाठवायचा ते कुणीतरी शिकवलं असावं, कारण पाठोपाठ चुकून एका बदकाचाही चेहरा आला.

भट्टी गेली ती ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा. चाचणीच्या दिवशी मामांनी तापमापकाचा फोटो टाकला, आणि खाली चक्क दोन ओळी लिहिल्या. ऑफिसात त्या मोठ्याने वाचल्या गेल्या.

ज्या दिवशी भट्टी बसवली, त्या दिवशी ताई सुट्टी टाकून गेली. तिचं तिथे काही काम नव्हतं. चौकातल्या गाळ्यासमोर ट्रक उभा होता, फळ्यांचं मोठं झडप उघडून भिंतीला टेकवलेलं होतं आणि भट्टी लाकडी ओंडक्यांवरून सरकत आत चालली होती. बाजूला दोन्हीकडे बोटभर जागा राहत होती. काकू पदर खोचून दोन्ही बोटं जागेवर आहेत की नाही ते बघत होत्या. ताईला पाहिल्यावर त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार कशा? त्यांना फक्त आवाज माहीत होता.

"काकू, मी चौकशीताई."

काकूंनी तिचा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही. भट्टी आत जाईपर्यंत धरून ठेवला. बोलल्या मात्र एकच: "मला वाटलं, चष्मा असेल तुला."

का वाटलं कोण जाणे. ताईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. चष्मा तिला नव्हता. पण त्या क्षणी तिला वाटलं, असावा.

संध्याकाळी ती आईसाठी पहिल्या घाण्याचा पाव घेऊन घरी गेली. भट्टीच्या नव्या रंगाचा वास त्याला थोडा लागला होता, आणि काकूंनीच सांगितलं होतं की हा विकणार नाही, आपल्या माणसांनीच खायचा. आईने चव घेतली, जरा तोंड वाकडं केलं, आणि तरी दुसरा तुकडा तोडला.

"चांगला आहे," आई म्हणाली. "त्याला द्यायला हवा होता."

ताईला कुणाला ते विचारावं लागलं नाही. तिने फोन उचलून ग्रुप बघितला. अजून सहा भट्ट्या कारखान्यात होत्या. मामांचा निरोप आला होता: "आज काही नाही." ताई उठून खिडकीपाशी गेली आणि त्या सहा जणांना, प्रत्येकाला वेगळं, लिहायला बसली.